जिल्हा मैदानी स्पर्धेचं पत्रक कसं वाचावं

पावसाचा जोर ओसरू लागला की जिल्हा वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी दिसू लागते. ‘जिल्हास्तरीय शालेय मैदानी स्पर्धा पुढील आठवड्यात’ असा मथळा, खाली उद्घाटन कोणाच्या हस्ते, प्रमुख पाहुणे कोण, कोणकोणते मान्यवर उपस्थित राहणार, आणि शेवटी ‘जास्तीत जास्त खेळाडूंनी सहभागी व्हावे’ असं आवाहन. सहभागी कोण होऊ शकतो, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणते कागद घेऊन, हे मात्र त्या बातमीत बहुतेक वेळा सापडत नाही.

मूळ पत्रकात ते असतं. पण पत्रक लिहिणारा पाहुण्यांची नावं वर घालतो आणि वयोगट व नियम तळाला टाकतो. वर्तमानपत्रात जागा कमी पडली की बातमी खालून कापली जाते. अशा वेळी नेमक्या कामाच्या ओळी गळतात आणि नावं शाबूत राहतात. तालुक्याच्या गावातल्या ज्या पालकाला शाळेच्या व्हॉट्सअॅप गटावरही पूर्ण पत्रक मिळालेलं नसतं, त्याच्या हाती एवढीच बातमी लागते. पुढचं सगळं मैदानावर कळतं, तेही मूल चेस्ट नंबर घ्यायला रांगेत उभं राहिल्यावर.

म्हणून हे पत्रक नीट समजून घ्यायला हवं. त्यातली प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या मुलाला मैदानाच्या आत घेते किंवा बाहेर ठेवते.

आधी पाहा, पत्रक कोणाचं आहे

महाराष्ट्रात जिल्हा पातळीवर मैदानी खेळांच्या दोन वेगवेगळ्या स्पर्धा होतात आणि दोन्हींच्या बातम्या सारख्याच दिसतात. पहिली शालेय स्पर्धा. ती राज्याचं क्रीडा व युवक सेवा संचालनालय घेतं आणि जिल्ह्यात तिचा कारभार जिल्हा क्रीडा अधिकारी पाहतात. तिची शिडी ठरलेली आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि त्यानंतर भारतीय शालेय खेळ महासंघाची राष्ट्रीय स्पर्धा. महसुली विभाग सहा असले तरी क्रीडा खात्याचे विभाग आठ आहेत, कारण कोल्हापूर आणि लातूर तिथे स्वतंत्र धरले जातात. त्यामुळे साताऱ्याचं मूल जिल्ह्यात जिंकलं तर विभागीय स्पर्धेत कोल्हापूर विभागाकडून उतरतं, पुण्याकडून नाही.

दुसरी स्पर्धा जिल्हा अॅथलेटिक्स संघटनेची. ही संघटना राज्य संघटनेशी आणि तिच्यामार्फत भारतीय अॅथलेटिक्स महासंघाशी जोडलेली असते. तिच्या शिडीत शाळेची अट नाही. मूल क्लबकडून, प्रशिक्षकाकडून किंवा स्वतंत्रपणे नाव देऊ शकतं. इथून निवड झाली तर पुढे राज्य अजिंक्यपद स्पर्धा आणि महासंघाच्या राष्ट्रीय स्पर्धा. त्यात चौदा व सोळा वर्षांखालील मुलामुलींसाठी जिल्ह्याजिल्ह्यांचे संघ थेट एकमेकांशी लढतात, अशी राष्ट्रीय आंतरजिल्हा कुमार स्पर्धाही आहे.

या दोन्ही शिड्यांवर एकच मूल चढू शकतं. गोंधळ होतो तो एकीचे नियम दुसरीला लावले की. शालेय स्पर्धेचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे तीन. संघटनेच्या स्पर्धेत १४, १६, १८, २० आणि त्यापुढे खुला गट. पत्रकात ‘१७ वर्षांखालील’ असं दिसलं तर ती शालेय स्पर्धा समजायला हरकत नाही, आणि ‘१६ वर्षांखालील’ असेल तर ती संघटनेची. बातमीत आयोजकाचं नाव अर्धवट छापलं गेलं असलं तरी वयोगटावरून हा निकाल लावता येतो.

‘चौदा वर्षांखालील’ म्हणजे नेमकं कोण

जिल्हा स्पर्धेत सर्वांत जास्त वाद याच ओळीवरून होतात. पालक समजतात की स्पर्धेच्या दिवशी मुलाला चौदा पूर्ण झालेली नसली म्हणजे झालं. शालेय स्पर्धेचा हिशोब तसा नाही. वय मोजलं जातं ते त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला. त्या दिवशी ज्याला चौदा पूर्ण झालेली असतील, तो त्या वर्षी चौदाच्या गटात बसत नाही, मग स्पर्धा सप्टेंबरात असो वा ऑक्टोबरात.

२०२५-२६ हे शालेय वर्ष उदाहरणाला घेऊ. या वर्षी १४ वर्षांखालील गटासाठी जन्म १ जानेवारी २०१२ रोजी किंवा त्यानंतरचा हवा. १७ च्या गटासाठी १ जानेवारी २००९ किंवा नंतरचा आणि १९ च्या गटासाठी १ जानेवारी २००७ किंवा नंतरचा. सोपी रीत अशी की स्पर्धेच्या वर्षातून गटाचा आकडा वजा करायचा आणि त्यात एक मिळवायचा. २०२५ उणे १४ म्हणजे २०११, अधिक एक म्हणजे २०१२. त्या सालच्या १ जानेवारीपासून पुढे जन्मलेली मुलं आत.

आता आठवीच्या एकाच वर्गातल्या दोन मुली समजू. एकीचा जन्म २८ डिसेंबर २०११ चा, दुसरीचा २ जानेवारी २०१२ चा. वयात अंतर पाच दिवसांचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये जिल्हा स्पर्धा झाली तेव्हा दोघीही तेरा वर्षांच्याच. पण ३१ डिसेंबरला पहिलीला चौदा पूर्ण होऊन तीन दिवस झालेले असतील, म्हणून ती १७ च्या गटात गेली. दुसरी १४ च्या गटात राहिली.

या पाच दिवसांचा मैदानावर काय परिणाम होतो? पहिली मुलगी आता २००९ च्या जानेवारीत जन्मलेल्या मुलींबरोबर धावणार. त्या तिच्यापेक्षा जवळजवळ तीन वर्षांनी मोठ्या. तेरा आणि सोळा या वयांत उंची, ताकद आणि टांग या तिन्हींत मोठा फरक पडतो. १४ च्या गटात सहसा ६०० मीटरच्या पुढची धाव नसते, १७ च्या गटात १५०० आणि ३००० मीटर येतात. तिने वर्षभर ६०० मीटरचा सराव केला असेल तर तिला तो प्रकारच मिळणार नाही. हे जूनमध्ये कळलं असतं तर सराव बदलता आला असता. स्पर्धेच्या आदल्या दिवशी कळून काही उपयोग नाही.

मग ३१ डिसेंबर हीच तारीख का? कारण तालुक्यापासून राष्ट्रीय स्पर्धेपर्यंतचा हंगाम काही महिने चालतो. स्पर्धेच्या दिवशीचं वय धरलं तर एखादं मूल तालुक्यात पात्र ठरेल आणि विभागात पोहोचेपर्यंत वाढदिवस होऊन बाद होईल. वर्षभरासाठी एकच तारीख ठेवली की खालपासून वरपर्यंत एकच उत्तर मिळतं. ज्यांचा वाढदिवस डिसेंबरात येतो त्यांना ही सोय महागात पडते आणि जानेवारीत जन्मलेल्यांना ती फायद्याची ठरते. प्रशिक्षकाने निवड करताना हे लक्षात ठेवायला हवं. डिसेंबरात जन्मलेलं मूल १७ च्या गटात पहिल्या वर्षी पाचवं आलं, तर ते कमी पडलं असं समजू नये. पुढच्या वर्षी त्याला त्याच गटात आणखी एक संधी आहे आणि त्यानंतर आणखी एक.

संघटनेच्या पत्रकात बहुधा दोन्ही टोकं दिलेली असतात. ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत जन्मलेले’ असं. या तारखा पुढच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या दिवसांशी बांधलेल्या असू शकतात, त्यामुळे १ जानेवारीची रीत तिथे डोळे झाकून लावू नये. शिवाय खालचं टोकही पाहायचं असतं. फार लहान मुलांना मोठ्या गटात उतरवू नये म्हणून ते घातलेलं असतं.

गट बदलला की साधनंही बदलतात. जागतिक नियमांत १८ वर्षांखालील मुलांचा गोळा ५ किलोचा, २० वर्षांखालील मुलांचा ६ किलोचा आणि पुरुषांचा ७.२६ किलोचा. मुलींना १८ वर्षांखालील गटात ३ किलो, त्यापुढे ४ किलो. भाला १८ वर्षांखालील मुलांचा ७०० ग्रॅमचा, त्यापुढे ८०० ग्रॅमचा. शालेय स्पर्धेचे गट वेगळे असल्याने वजनांचा तक्ता तिथे स्वतंत्र असतो. फेकीचा खेळाडू असेल तर पत्रकात वजन दिलं आहे का हे आधी पाहावं, नसेल तर फोन करून विचारावं. चार किलोच्या गोळ्यावर सराव करून पाच किलोचा फेकायला गेलं तर फेक तर कमी पडतेच, मनगट आणि कोपरही दुखावू शकतं.

१ जूनचा वाढदिवस

वयोगटाची ओळ कळली तरी एक अडचण उरते, ती कागदांची. महाराष्ट्रात गावोगावी अशी मुलं आहेत ज्यांचा शाळेच्या दाखल्यावरचा वाढदिवस १ जून आहे. पूर्वी शाळेत नाव घालताना जन्मदाखला हाताशी नसला की गुरुजी शाळा सुरू होण्याच्या बेताने वय बसवून तारीख टाकत. आता जन्मनोंदणी सुधारली आहे, तरी फरक पूर्ण गेलेला नाही. आधार कार्डावर एक तारीख, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये दुसरी आणि ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यावर तिसरी, असा प्रकार अजूनही आढळतो.

स्पर्धेच्या टेबलावर बसलेला माणूस हे कागद एकमेकांशेजारी ठेवतो. तारखा जुळल्या नाहीत तर खेळाडूला थांबवतो. बऱ्याच ठिकाणी पहिलीत प्रवेश घेतल्याचा जनरल रजिस्टरचा उतारा मागतात. त्याचं कारण साधं आहे. सहाव्या वर्षी मुलाचं नाव घालताना कोणीही मैदानी स्पर्धेचा विचार करून वय लपवत नाही, म्हणून ती नोंद जास्त विश्वासाची. जन्मानंतर दहा-बारा वर्षांनी काढलेल्या जन्मदाखल्याकडे मात्र संशयाने पाहिलं जातं. दाखल्यावर जन्मतारखेखाली नोंदणीची तारीख असते, ती तपासणारा आधी वाचतो.

वय चोरण्याचे प्रकार या खेळात होतात, हे लपवण्यात अर्थ नाही. एक वर्ष कमी दाखवलं की चौदाच्या गटात पदक सोपं होतं. म्हणूनच महासंघाच्या कुमार गटाच्या राष्ट्रीय स्पर्धांत कागदांखेरीज हाडांची तपासणी होते. मनगट आणि पंजाचा एक्स-रे काढून हाडांची वाढ कुठवर आली आहे ते पाहतात. ही पद्धत टीडब्ल्यू-३ नावाने ओळखली जाते. तिला जन्मतारीख सांगता येत नाही, हाडाचं वय सांगता येतं. लवकर वयात आलेल्या मुलाचं हाडाचं वय कागदावरच्या वयापेक्षा जास्त निघू शकतं, आणि अशा वेळी प्रामाणिक मूलही अडचणीत येतं. ही तिची मर्यादा आहे. पण दोन-तीन वर्षांची लबाडी तिच्यातून सुटत नाही. तालुका-जिल्ह्यात खोट्या कागदावर जिंकलेलं मूल तिथे पकडलं जातं आणि तोवर त्याने एखाद्या खऱ्या मुलाची जागा खाल्लेली असते.

पालकांनी यासाठी एकच काम करावं. मूल पाचवीत-सहावीत असतानाच तिन्ही कागद काढून तारखा आणि नावाची अक्षरं जुळतात का पाहावं. जुळत नसतील तर खऱ्या तारखेप्रमाणे दुरुस्ती करून घ्यावी. मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत अर्ज करता येतो. शाळा सोडल्यावर हीच दुरुस्ती फार अवघड होऊन बसते. नावाचंही तसंच. प्रमाणपत्रावर एक स्पेलिंग आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं, अशी तफावत पुढे नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्र पडताळणीला गेल्यावर डोकं वर काढते.

प्रवेशिका आणि अंतिम तारीख

शालेय स्पर्धेत मूल स्वतः जाऊन नाव देऊ शकत नाही. नाव शाळेकडून जातं, त्यावर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का लागतो. आता बहुतेक जिल्ह्यांत शाळेची आणि खेळाडूंची नोंदणी ऑनलाइन करावी लागते आणि तिची छापील प्रत कागदांसोबत द्यावी लागते. क्रीडाशिक्षक नसलेल्या लहान शाळांत हे काम कोणाच्या अंगावर आहे हेच ठरलेलं नसतं, आणि मुलाची संधी तिथेच हुकते. पालकाने मुख्याध्यापकांना विचारायचा प्रश्न अगदी नेमका असावा : ‘आमच्या मुलीचं नाव चढवलं का, कोणत्या गटात, कोणत्या प्रकारात?’

‘आमची मुलगी नावनोंदणी न करता आली, पण पळवा की तिला’ ही विनंती प्रत्येक मैदानावर ऐकू येते. ती नाकारली की अधिकारी निष्ठुर वाटतात. पण अंतिम तारखेमागे हिशोब असतो. समजा १०० मीटरसाठी ४४ मुलींची नावं आली आणि ट्रॅकवर आठ लेन आहेत. म्हणजे किमान सहा हीट लागतात, चार हीटमध्ये सात-सात मुली आणि दोन हीटमध्ये आठ-आठ. एकाच शाळेच्या मुली एका हीटमध्ये येऊ नयेत, आधीच्या कामगिरीने पुढे असलेल्या मुली वेगवेगळ्या हीटमध्ये पडाव्यात, हे पाहून याद्या लावतात. सहा हीटच्या सहा विजेत्या आणि उरलेल्यांपैकी सर्वोत्तम वेळेच्या दोघी अशा आठ जणी अंतिम फेरीत. आता सकाळी आणखी पाच नावं वाढली तर ४९ मुली झाल्या, सातवी हीट आली, वेळेवर निवडल्या जाणाऱ्या दोन जागांची एकच उरली. आधी नाव दिलेल्या मुलीची जागा त्यात जाते.

एका खेळाडूला किती प्रकारांत भाग घेता येईल हेही पत्रकात असतं. साधारणपणे दोन किंवा तीन वैयक्तिक प्रकार आणि त्याखेरीज रिले अशी मर्यादा असते. चांगल्या धावपटूचं नाव शाळा १००, २००, ४०० आणि लांब उडी अशा सगळ्यांत घालते. मर्यादा ओलांडली तर जादा प्रकार कमी केले जातात, आणि कोणता कमी करायचा हे टेबलावरचा माणूस ठरवतो. ते आधी आपणच ठरवलेलं बरं.

वेळापत्रकात लपलेली टक्कर

वेळापत्रक वाचताना बहुतेक जण फक्त स्वतःच्या प्रकाराची वेळ पाहतात. दोन प्रकारांत नाव असेल तर दोन्ही ओळी एकत्र ठेवून पाहाव्या लागतात.

समजा १०० मीटरच्या हीट सकाळी साडेनऊला आहेत आणि लांब उडीही साडेनऊलाच. एका मुलीचं नाव दोन्हीत आहे. सहा हीटना प्रत्येकी चार-पाच मिनिटं धरली तर अर्धा तास. लांब उडीत तीस मुली असतील, प्रत्येकीला तीन उड्या, म्हणजे नव्वद उड्या. एका उडीला मिनिटभर धरलं तर दीड तास. त्यातल्या पहिल्या आठ जणींना आणखी तीन-तीन उड्या, म्हणजे आणखी चोवीस मिनिटं. पंच, वाळू सपाट करणं, मोजमाप धरून हा प्रकार दोन तास चालतो. तेव्हा ही टक्कर सुटण्यासारखी आहे.

नियमात तिच्यासाठी वाट ठेवलेली आहे. धाव आणि उडी एकाच वेळी आली तर मुख्य पंच त्या खेळाडूला त्या फेरीत क्रम मागेपुढे करून उडी घेऊ देऊ शकतात. त्यासाठी मुलीने आधी लांब उडीच्या खड्ड्यापाशी जाऊन हजेरी द्यायची, चेस्ट नंबर सांगायचा, ‘माझी शंभरची तिसरी हीट आहे’ असं पंचांना कळवायचं आणि मग सुरुवातीच्या रेषेकडे जायचं. न सांगता गेली आणि तिचं नाव पुकारल्यावर ती हजर नसली, तर दिलेला वेळ संपल्यावर ती उडी सोडली असं धरतात. ती परत मिळत नाही, पुढच्या फेरीत मात्र ती उडी मारू शकते. उंच उडीत धोका जास्त. तिथे आडवी काठी वर वर जात असते. मुलगी परत येईपर्यंत काठी एक मीटर वीसवर गेली असेल, तर तिच्यासाठी ती खाली आणत नाहीत.

छापलेली वेळ धावायची असते, हजेरीची नाही. त्याआधी कॉल रूममध्ये नाव पुकारतात, चेस्ट नंबर आणि बूट तपासतात, लेन सांगतात. लाउडस्पीकरवर नाव पुकारलं तेव्हा मूल स्वच्छतागृहात किंवा चहाच्या गाडीवर असेल तर तिथेच स्पर्धा संपते. पत्रकात हजेरीची वेळ वेगळी दिली नसेल तर क्रीडाशिक्षकाने ती सकाळी विचारून मुलांना सांगावी. ३००० मीटरची धाव आणि चालण्याची शर्यत सकाळी पहिल्या तासात ठेवलेली असते, कारण ऑक्टोबरच्या उन्हात अकरानंतर लांब पळणं धोक्याचं. बाहेरगावच्या मुलांना यासाठी पहिली एसटी पुरते का, की आदल्या रात्री यावं लागेल, हे वेळापत्रक पाहूनच ठरतं.

ठिकाण म्हणजे नुसतं मैदानाचं नाव नव्हे

‘ठिकाण : जिल्हा क्रीडा संकुल’ एवढ्या ओळीतून एक गोष्ट शोधायची असते. ट्रॅक कसला आहे? सिंथेटिक असेल तर स्पाइक्सचे खिळे जागतिक नियमाप्रमाणे ९ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाहीत, उंच उडी आणि भालाफेकीत १२ मिलिमीटरपर्यंत. मातीच्या ट्रॅकवर २५ मिलिमीटरपर्यंत चालतात. मातीवर सराव करणारं मूल लांब खिळ्यांचे बूट घालून सिंथेटिकवर आलं तर कॉल रूममध्ये अडतं. बूटच नसतील तर अडत नाही. अनवाणी पळायला जागतिक नियमांत स्पष्ट परवानगी आहे, एका पायात बूट आणि दुसरा पाय अनवाणी असला तरी चालतं. ‘बूट नाहीत म्हणून पळू देणार नाहीत’ या भीतीने कोणी घरी बसू नये. फक्त ऊन चढल्यावर सिंथेटिक पृष्ठभाग चांगलाच तापतो, हे अनवाणी पळणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

मातीच्या मैदानावर लेन चुन्याच्या फक्कीने आखतात. ४०० मीटरच्या शर्यतीत प्रत्येक लेनची सुरुवात पुढे सरकवलेली असते, कारण बाहेरची लेन वळणावर लांब पडते. १.२२ मीटर रुंदीच्या लेन असतील तर दुसऱ्या लेनचा धावपटू पहिलीपेक्षा ७.०४ मीटर पुढे उभा राहतो आणि आठव्या लेनचा ५३.०३ मीटर पुढे. रात्री पाऊस पडला तर फक्की वाहून जाते आणि सकाळी घाईघाईने पुन्हा आखावी लागते. अशा वेळी क्रीडाशिक्षकाने सुरुवातीच्या रेषा एकदा डोळ्याखालून घालाव्यात. दुसरी लेन पहिलीपेक्षा सात मोठ्या पावलांइतकी पुढे दिसली नाही तर आखणीत चूक आहे, आणि ती शर्यत सुरू होण्याआधी सांगायची असते.

चांगलं पत्रक कसं असावं

वरच्या सगळ्या अडचणी एका नीट लिहिलेल्या पत्रकाने बऱ्याच कमी होतात. नमुन्यादाखल एक पत्रक असं लिहिता येईल :

‘जिल्हास्तरीय शालेय मैदानी स्पर्धा ८ व ९ ऑक्टोबर २०२५ रोजी जिल्हा क्रीडा संकुलाच्या ४०० मीटर मातीच्या ट्रॅकवर होतील. १४ वर्षांखालील गटासाठी जन्म १ जानेवारी २०१२ किंवा नंतरचा, १७ साठी १ जानेवारी २००९ किंवा नंतरचा, १९ साठी १ जानेवारी २००७ किंवा नंतरचा असावा. तालुका स्पर्धेत निवड झालेल्या खेळाडूंच्याच प्रवेशिका शाळेमार्फत २९ सप्टेंबरला सायंकाळी पाचपर्यंत स्वीकारल्या जातील. एका खेळाडूला दोन वैयक्तिक प्रकार आणि रिले यांत भाग घेता येईल. मूळ जन्मदाखला, आधार कार्ड, पहिलीचा जनरल रजिस्टर उतारा आणि मुख्याध्यापकांच्या सहीचं ओळखपत्र सोबत आणावं. पहिल्या दिवशी १४ व १७ वर्षांखालील मुली, दुसऱ्या दिवशी मुलगे, १९ वर्षांखालील गट दोन्ही दिवस दुपारी. हजेरी सकाळी सातला, पहिली शर्यत आठला. निवड झालेले खेळाडू विभागीय स्पर्धेसाठी पात्र ठरतील.’

एवढ्या मजकुराला वर्तमानपत्रात अर्ध्या स्तंभाहून कमी जागा लागते. उद्घाटकांचं नाव यानंतर यावं. बातमी खालून कापली गेली तरी मुलांच्या कामाचं काही जाणार नाही. वयोगटाचा नुसता आकडा न देता जन्मतारीख छापावी, म्हणजे पालकाला हिशोब करावा लागणार नाही आणि तालुक्याच्या प्रत्येक शाळेत एकच अर्थ लागेल.

जिल्हा क्रीडा कार्यालयांनी आणि संघटनांनी यंदाचं पत्रक याच क्रमाने लिहावं. वर्तमानपत्रांच्या तालुका प्रतिनिधींनी जन्मतारखा आणि अंतिम तारीख कापू नये, जागा नसेल तर पाहुण्यांची यादी कापावी. आणि पालकांनी जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात मुलाची जन्मतारीख ३१ डिसेंबरच्या हिशोबाने तपासून, तो यंदा कोणत्या गटात खेळणार हे मुख्याध्यापकांकडून लिहून घ्यावं.